टाकी भरून वाहिली त्या रात्रीचा हिशोब

तळवडे भागात एका छोट्या कारखान्यात मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आणि पर्यावरणाचं काम बघते. गाड्यांचे लोखंडी पार्ट येतात, त्यांचं डिग्रीसिंग म्हणजे तेल काढणं, मग फॉस्फेटिंग म्हणजे गंज धरू नये म्हणून फॉस्फेटचा थर चढवणं, मग पेंट. मधल्या प्रत्येक टाकीनंतर पार्ट पाण्यात धुतात, म्हणजे रिन्स करतात, ते धुतलेलं पाणी म्हणजे आमचं मुख्य सांडपाणी, तासाला साधारण ७ किलोलिटर. ते आधी एका मोठ्या टाकीत जमा होतं, तिला आम्ही इक्वलायझेशन टँक म्हणतो, तिथून पंपाने तासाला ६ किलोलिटर पुढे ट्रीटमेंटला जातं. येतं जास्त आणि जातं कमी असं वाटेल, पण लाइन रोज दोनच शिफ्ट चालते आणि रात्री लाइन बंद असताना पंप टाकी खाली करत राहतो, त्यामुळे सकाळी टाकी परत अर्ध्याच्या खाली असते.

जानेवारीचा शेवट होता. डिस्पॅच मागे पडला होता म्हणून प्रॉडक्शनवाल्यांनी तिसरी शिफ्ट लावली. आणि हे ईटीपीला कोणी कळवलंच नाही! आमचा ऑपरेटर नेहमीप्रमाणे रात्री १० ला लॉगबुक भरून, पंप ऑटोवर टाकून घरी गेला. टाकीवर रात्रभर माणूस नाही आणि लाइन मात्र फुल चालू.

सकाळी ५ वाजून १० मिनिटांनी वॉचमन मामांचा फोन आला. "मॅडम, टाकीवरून पाणी पडतंय, गटारीत चाललंय, फेस पण आलाय." मी निगडीला राहते, गाडी काढून निघाले तरी वीसेक मिनिटं लागणार होती, म्हणून निघायच्या आधीच लाइनच्या सुपरवायजरला फोन लावला आणि म्हटलं आधी सगळ्या रिन्स टाक्यांचे पाण्याचे व्हॉल्व्ह बंद कर. तो म्हणाला मॅडम पार्ट टांगलेले जिग आत आहेत, पाणी बंद केलं तर पार्टला गंज धरेल, दहा मिनिटं द्या. मी म्हटलं जिग बाहेर काढ, धुवायचे राहिले तर राहू देत, पार्ट परत करता येतील. ५:२५ ला पाणी बंद झालं. ही वेळ मी त्याच्याकडून लिहूनच घेतली, पुढे हिशोबात तीच लागली.

अशा वेळी पहिला हात पंपाकडे जातो. पंप का बंद पडला, त्याला खोला, चालू करा. पण पंप खोलायला अर्धा तास जातो आणि तेवढ्यात अजून तीन-साडेतीन किलोलिटर बाहेर. येणारं पाणी आधी तोडायचं, पंप नंतर.

मी पोचले तेव्हा टाकीवरून पडायचं जवळजवळ थांबलं होतं. आमच्या टाकीच्या कठड्याला एका ठिकाणी ३० सेंटीमीटर रुंद खाच आहे, कधीतरी पाइप आत घ्यायला फोडलेली आणि नंतर कोणी बुजवलीच नाही. टाकी भरली की पाणी तिथूनच पडणार, आणि खाली नेमकी पावसाळी गटार. पावसाळी गटार सरळ कंपाउंडबाहेरच्या ओढ्याला आणि ओढा पुढे इंद्रायणीला. मी या खाचेवरून कितीतरी वेळा गेलेय, रोज बघितलीय, आणि ती बुजवा म्हणून लेखी कधी दिलं नाही. त्याचं वाईट अजून वाटतं.

वॉचमन मामांनी आणि दोन हेल्परनी मी यायच्या आधीच गटारीच्या शेवटच्या चेंबरच्या तोंडाला वाळूची पोती लावली होती, मी वरून प्लास्टिकचा कागद दाबायला लावला. गटारीत साधारण ४० मीटर लांबीत पाणी अडलं. एक जण फायरचा पाइप घेऊन आला, म्हणे मॅडम धुवून काढू, वास येतोय. अजिबात नाही! धुतलं तर जे अडवलंय तेच ओढ्यात ढकलल्यासारखं. ते पाणी नंतर मड पंपाने परत टाकीत घेतलं. गटारीत ४५ सेंटीमीटर रुंदीला सरासरी २० सेंटीमीटर पाणी होतं, म्हणजे सुमारे साडेतीन किलोलिटर परत मिळालं.

मग सॅम्पल. टाकीच्या खाचेजवळून एक, आमचं गटार ओढ्याला मिळतं त्याच्या वरच्या अंगाने एक, आणि खाली ३०० मीटरवर एक. वरच्या अंगाचं सॅम्पल लोक घेत नाहीत आणि मग अडकतात, कारण ओढ्यात आधीच घरांचं सांडपाणी असतं, वरचं सॅम्पल नसेल तर आपलं काय आणि आधीचं काय हे कसं सांगणार. ऑइल-ग्रीससाठी वेगळी काचेची बाटली, कारण प्लास्टिकला तेल चिकटतं. प्रत्येक बाटलीवर वेळ आणि जागा लिहिली, बर्फाच्या डब्यात ठेवल्या. हातातल्या मीटरवर पीएच वरच्या अंगाला ७.३, खाचेजवळ ९.८, खाली ३०० मीटरवर ८.४ आला. जानेवारी म्हणजे ओढ्याला पाणी कमी, पावसाळ्यात असतं तर खालचा फरक एवढा दिसलाही नसता.

खाली चालत गेले तेव्हा ओढ्याच्या कडेला एक गोठा दिसला, पंधरा-वीस म्हशी. गोठेवाले काका धार काढत होते. मी म्हटलं काका, आमच्या कारखान्याचं पाणी रात्री ओढ्यात आलंय, आज म्हशी ओढ्यावर सोडू नका. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "पोरी, आज म्हणजे किती दिवस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत आमच्याकडून बोअरच्या पाण्याचा टँकर पाठवते. चार दिवस पाठवला.

५:५० ला मॅनेजर साहेबांना फोन केला. ते म्हणाले आधी बघू किती गेलंय, नंतर ठरवू कळवायचं का. ऑपरेटरला त्यांनी परस्पर विचारलं होतं, तो घाबरून म्हणाला अर्धा तास वाहिलं असेल, दोन-तीन किलोलिटर. साहेबांना तोच आकडा बरा वाटला. मी त्यांना शांतपणे सांगितलं, सर, जल कायदा १९७४ चं कलम ३१ आहे, अपघाताने घाण पाणी नाल्यात गेलं किंवा जायची शक्यता असली तरी जागेच्या प्रमुखाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं असतं, आणि ताबडतोब म्हणजे पक्का आकडा हातात आल्यावर असं तिथे लिहिलेलं नाही. आकडा नंतर देता येतो, वेळ नंतर देता येत नाही. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले कर फोन, माझ्या नावाने कर.

६:१० ला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना फोन झाला. त्यांनी चारच गोष्टी विचारल्या. काय पाणी आहे, किती गेलं, कुठे गेलं, थांबलं का. मी म्हटलं डिग्रीसिंग-फॉस्फेटिंगचं न ट्रीट केलेलं पाणी, ओढ्यातून इंद्रायणीकडे, ५:२५ ला थांबलं, अंदाज २० ते ३५ किलोलिटर, गणित चालू आहे, संध्याकाळपर्यंत पक्का आकडा देते. मग महापालिकेच्या पर्यावरण विभागाला फोन, एमआयडीसीच्या ऑफिसला फोन, आणि ७:३० ला तिघांना एकच ईमेल, फोटो आणि वेळांसकट. एकच मजकूर तिघांना पाठवला हे बरं झालं, एकाला एक आकडा आणि दुसऱ्याला दुसरा गेला असता तर नंतर निस्तरणं अवघड होतं.

आता आकड्याचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण याच ठिकाणी लोक अंदाजपंचे लिहितात.

पहिला विचार साधा होता. किती वाजता वाहायला लागलं ते काढायचं आणि तासाला ७ ने गुणायचं. पण कधी लागलं हे कोणी बघितलंच नव्हतं. मग पंपाच्या पॅनलवरचा आवर मीटर आठवला. पंप जितका वेळ खरंच फिरतो तितकेच तास तो मोजतो, आणि ऑपरेटर रात्री १० ला त्याचं रीडिंग लिहून जातो. १० नंतर तो फक्त ०.७ तास पुढे गेला होता, म्हणजे पंप ४२ मिनिटं चालून १०:४२ च्या सुमारास बंद पडला. टाकी आतून ४ बाय ४ मीटर, म्हणजे पातळी १० सेंटीमीटर वाढली की १.६ किलोलिटर. रात्री १० ला पातळी १.८० मीटर लिहिलेली, खाच तळापासून २.७० वर. तासाला ७ ने भरली तर १२:४० ला काठोकाठ, तिथून ५:२५ पर्यंत पावणेपाच तास, म्हणजे ३३ किलोलिटर.

पण ७ हा आकडा लाइन अखंड चालली तर. रात्री जेवणाची सुट्टी होती, एकदा जिग अडकून लाइन उभी होती. म्हणून दुसऱ्या बाजूने गेले. लाइनला जाणाऱ्या पाण्याला मीटर आहे, शिफ्ट बदलताना त्याचं रीडिंग घेतात, आणि सकाळी पोचल्या पोचल्या मी त्याचा फोटो काढला होता. रात्री १० ते ५:२५ मध्ये ४८ किलोलिटर पाणी लाइनला गेलं. त्यातलं गरम टाक्यांत भरून घातलेलं आणि वाफ होऊन गेलेलं मिळून २ वजा केलं, राहिलं ४६. हे ४६ टाकीत आलं. त्यातलं पंपाने ४२ मिनिटांत पुढे नेलं ४.२. टाकीत साठलं १.८० पासून २.७० पर्यंत, म्हणजे ९० सेंटीमीटर, म्हणजे १४.४. उरलेलं कुठे गेलं? बाहेर. ४६ वजा ४.२ वजा १४.४, म्हणजे २७.४ किलोलिटर. या पद्धतीत वाहायला कधी लागलं हे माहीत असायची गरजच नाही, म्हणून माझा तिच्यावर जास्त विश्वास बसला.

तरी उलटा ताळा केला. ४६ किलोलिटर ७ तास २५ मिनिटांत म्हणजे तासाला सरासरी ६.२. या वेगाने टाकी रात्री १ च्या सुमारास भरते. वॉचमन मामांना विचारलं, राउंड कधी कधी मारला. ते म्हणाले साडेबाराला काही नव्हतं, दीडला पाणी पडल्याचा आवाज आला पण मला वाटलं टाकी धुतायत, तिसरी शिफ्ट होती ना. एकदम बसलं. मामांना खूप वाईट वाटत होतं, मी म्हटलं मामा, टाकीवरून पाणी पडलं तर काय करायचं हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

तिसरा ताळा खाचेवरच्या पाण्याच्या जाडीवरून. वॉचमन मामांनी ५:१५ ला मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, त्यात खाचेवरून पडणाऱ्या पाण्याची जाडी कठड्याच्या विटेच्या मापाने दोन ते अडीच सेंटीमीटर वाटते. बांधावरून पडणाऱ्या पाण्याचं सूत्र आहे, Q = 1.84 × L × H^1.5, यात रुंदी आणि जाडी मीटरमध्ये घालायची, उत्तर सेकंदाला घनमीटर येतं. दोन सेंटीमीटर धरले तर तासाला ५.६ किलोलिटर, अडीच धरले तर ७.९. अर्ध्या सेंटीमीटरने आकडा एवढा उडतो! शिवाय पाणी इतकं पातळ असलं की ते मोकळं पडत नाही, भिंतीला चिकटून उतरतं, तेव्हा सूत्र नीट लागूच होत नाही. म्हणून यावर आकडा ठरवला नाही, फक्त ६.२ या दोघांच्या मध्ये बसतो का ते बघितलं. बसतो.

मंडळाला लिहिलं ते असं, टाकीतून वाहिलेलं पाणी २७ किलोलिटर, जास्तीत जास्त ३३, गटारीतून परत घेतलेलं साडेतीन, ओढ्यात गेलेलं अंदाजे २४. साहेबांनी विचारलं ३३ कशाला लिहितेस, २७ निघालंय ना. मी म्हटलं सर, पाण्याचा मीटर जुना आहे, कमी मोजत असेल तर? जास्तीचा आकडा आपणच सांगितला तर पुढे कोणाला तो आपल्याकडून उकरून काढावा लागत नाही.

११ वाजता मंडळाचे फील्ड ऑफिसर आले. टाकी, खाच, गटार, ओढा सगळं चालत बघितलं. जेव्हीएस, म्हणजे मंडळ आणि कारखान्याचं संयुक्त सॅम्पल, आमच्यासमोर घेतलं, दोन भाग केले, सील केलं, दोघांच्या सह्या. मग टेबलावर बसून माझा हिशोबाचा कागद मागितला आणि लॉगबुक, आवर मीटरचा फोटो, पाण्याच्या मीटरचा फोटो एकेक जुळवून बघितलं. एकाच जागी बोट ठेवलं, पंप तासाला ६ काढतो हे कशावरून? मी म्हटलं पंपाच्या पाटीवर आहे. ते म्हणाले पाटीवरचं नको, आत्ता मोजा. स्टँडबाय पंप पातळी खाचेच्या खाली आणत होताच, पण तो वेगळा पंप. मग मेन पंप साफ करून चालू केला आणि २०० लिटरचा ड्रम भरायला लावला, २ मिनिटं २ सेकंद लागली. तासाला ५.९. फरक नगण्य, पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, मोजलेला आकडा आणि पाटीवरचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी.

पंप का बंद पडला तेही तोवर कळलं होतं. इम्पेलरमध्ये कॉटन वेस्टचा बोळा, जॉबवरचं तेल पुसून कोणीतरी रिन्समध्ये टाकलेला. मोटरवर लोड आला, रिले ट्रिप. स्टँडबाय पंप आपोआप लागायला हवा होता, त्याचा स्विच मॅन्युअलवर. पाणी फार वर आलं की भोंगा वाजवणारा हाय लेव्हलचा फ्लोट वर उचललाच गेला नाही, तेलाचा थर बसून त्याची केबल शिडीला चिकटलेली. आणि उचलला गेला असता तरी भोंगा ईटीपीच्या खोलीत, तिथे रात्री कोण ऐकणार. पंप चालू राहिला असता तर तिसऱ्या शिफ्टनेही काही झालं नसतं, तासाला एक किलोलिटर साठून सकाळपर्यंत पातळी अर्धा मीटरच वाढली असती.

चार दिवसांनी लॅबचे रिपोर्ट आले. टाकीच्या पाण्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप, ६२० निघाला, नदी-नाल्यात सोडायची मर्यादा २५०. झिंक १४, मर्यादा ५. एक लिटरमागे मिलिग्रॅम. याला किलोलिटरने गुणलं की ग्रॅम मिळतात, म्हणजे ओढ्यात सुमारे १५ किलो सीओडी आणि ३४० ग्रॅमच्या आसपास झिंक. पीएच ९.८ असल्यामुळे यातलं बरंचसं झिंक विरघळलेलं नव्हतं, पांढरट बारीक गाळ होऊन आलं होतं आणि असा गाळ पाणी जिथे संथ होतं तिथे बसतो. म्हणून गटारीतला आणि आमच्या तोंडाजवळच्या डबक्यातला गाळ मंडळाला विचारून फावड्याने काढला, पिंपात भरला आणि फॉस्फेटिंगच्या गाळाबरोबर रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या साइटला पाठवला. खाली ३०० मीटरच्या सॅम्पलमध्ये झिंक मर्यादेत आलं. ते बघून जीव थोडा खाली बसला, तरी एका वेळेचं एक सॅम्पल ते, रात्री दोन-तीन वाजता तिथे काय होतं हे ते सांगत नाही. काकांनाही मी तसंच सांगितलं, रिपोर्टची झेरॉक्स दिली. त्यांना वाचायचं नव्हतं, त्यांनी मुलाकडे दिली.

नंतर कारणे दाखवा नोटीस आली, मुदतीत उत्तर दिलं, बँक गॅरंटी भरावी लागली. उत्तरात स्वतःहून कळवल्याची वेळ ६:१० लिहिली, मंडळाच्या नोंदीतही तीच होती.

खाच त्याच आठवड्यात काँक्रीटने बुजवली. तिच्या जागी वरच्या बाजूने ओव्हरफ्लोचा पाइप काढून तो रिकाम्या जुन्या टाकीत सोडला, तिची क्षमता २० किलोलिटर, म्हणजे त्या रात्रीसारखं झालं तर तीन तास हातात मिळतात. दुसरा फ्लोट टाकीच्या दुसऱ्या बाजूला लावला, भोंगा वॉचमनच्या केबिनमध्ये नेला, आणि केबिनच्या भिंतीवर लाइनच्या मेन व्हॉल्व्हचा फोटो लावला, वॉचमन मामांना तो स्वतः बंद करायची परवानगी आहे, कोणाला विचारायची गरज नाही. तिसरी शिफ्ट लावायची असेल तर प्रॉडक्शनच्या कागदावर आता ईटीपीची सही लागते. गेल्या महिन्यात दोनदा तो कागद माझ्याकडे आला, एकदा मी ऑपरेटर थांबवून सही केली, एकदा ऑपरेटर आजारी होता म्हणून केली नाही आणि त्या रात्री लाइन चालली नाही.